उद्या पर्यावरणाचा पेपर, जैवविविधतेचं प्रकरण एका पानावर कसं बसवू?

अनुजा_कराड · दुपारी ४.१०

उद्या सकाळी अकराला पर्यावरण अभ्यासाचा पेपर आहे. बीकॉम दुसरं वर्ष. बाकीची युनिटं बरी झालीत, पण जैवविविधतेचं प्रकरण एकतीस पानांचं आहे आणि ते मी सबंध सेमिस्टरमध्ये एकदाच वाचलंय, तेही एसटीत उभ्याने.

मैत्रीण म्हणाली माइंड मॅप काढ, एका पानात सगळं येतं. दीड तास घालवून काढला. मधोमध 'जैवविविधता' आणि भोवती अकरा फांद्या: अर्थ, आनुवंशिक, प्रजाती, परिसंस्था, मूल्यं, भारत, हॉटस्पॉट, धोके, संकटग्रस्त प्रजाती, संवर्धन, कायदे. जागा संपली तेव्हा समासात पान फिरवून आडवं लिहिलं. शब्द मोजले, २१० भरले. आता त्या कागदाकडे बघितलं की पुस्तकच बरं वाटतंय. नेमकं काय चुकलं?

रंगीत_स्केचपेन · ४.२२

कागद उभा धरला असशील. आडवा धर, फांद्या दोन्ही बाजूंना मोकळ्या पसरतात. दुसरं म्हणजे एका फांदीवर एकच शब्द. वाक्य लिहायचंच नाही. प्रत्येक फांदीला वेगळा रंग दे, मध्ये चित्र काढ. मेंदू रंग लक्षात ठेवतो. मी बारावीला प्रत्येक धड्याचा असा मॅप केला होता, भिंतीवर लावले होते.

आईची_शाळा · ४.३०

माझ्या मुलालाही परिसर अभ्यासाचा तक्ता करायला सांगितलाय, पाचवीत आहे. पूर्ण कार्डशीट घ्यावी की अर्धी? आणि स्केचपेन मागच्या बाजूला उमटतात, त्याला काय करता तुम्ही?

फळा_आणि_खडू · ४.४१

अनुजा, तुझ्या अकरा फांद्या म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका गोल फिरवून लिहिलेली आहे. दीड तास हात चालला, डोकं फारसं चाललं नाही. रागावू नकोस, मी वीसेक वर्षं हा विषय शिकवला आहे आणि दरवर्षी शेवटच्या दिवशी असले कागद घेऊन मुलं स्टाफरूमच्या दारात उभी असायची.

आधी एक काम कर. मागच्या चारपाच प्रश्नपत्रिका समोर घे आणि या प्रकरणावर काय काय विचारलंय त्याच्या फक्त रेघा ओढ, जशा मतं मोजताना ओढतात तशा. पंधरा मिनिटांच्या वर लागणार नाहीत. त्या रेघा इथे टाक, मग फांद्यांचं बोलू.

(आईची शाळा, अर्धी कार्डशीट पुरते. स्केचपेनऐवजी तेलखडू द्या.)

निवांत_पाटील · ४.४८

सर, माफ करा, पण पोरीचा आणखी वेळ का घालवताय? स्पर्धा परीक्षेच्या दिवसांत मीही असली झाडं खूप काढली. २०११ मध्ये संशोधन झालं होतं, 'सायन्स'मध्ये छापून आलं होतं, की असल्या नकाशांचा उपयोग नाही, वाचून आठवणं जास्त चांगलं. प्रकरण दोनदा वाच आणि झोप.

क्ष_किरण · ५.०५

पाटील, अर्धं बरोबर आहे. तो कार्पिके आणि ब्लंट यांचा प्रयोग. त्यात नकाशा काढणाऱ्यांच्या समोर मजकूर उघडा होता. दुसऱ्या गटाने मजकूर बाजूला ठेवून जे आठवेल ते लिहिलं, पुन्हा वाचलं, पुन्हा लिहिलं. आठवडाभराने चाचणी घेतली तेव्हा हा दुसरा गट पुढे होता. म्हणजे फरक पडला तो पुस्तक मिटण्यामुळे. नुसतं दोनदा वाचणं हा वेगळाच प्रकार, ते तर त्या प्रयोगातही मागेच राहिलं. आणि तिथला नकाशा म्हणजे बाणावर क्रियापद लिहितात तो, अनुजा काढतेय तसा नाही. या दोन्हींत गल्लत नेहमी होते.

अनुजाने पुस्तक मिटून मॅप काढला तर दोन्ही गोष्टी साधतील, असं मला वाटतं. मात्र त्या प्रयोगात हे तपासलेलं नव्हतं, हे माझं मत.

अनुजा_कराड · ५.१८

पाच पेपर पाहिले. स्वस्थानी आणि परस्थानी संवर्धन, फरक किंवा टीप: ४ वेळा. धोके: ४. मूल्यं: ३. हॉटस्पॉटवर टीप: ३. तीन पातळ्या: २. 'भारत महाजैवविविध देश': २. संकटग्रस्त प्रजाती: १. कायदे सुटे कधीच नाहीत, पण संवर्धनाच्या उत्तरात लागतात.

फळा_आणि_खडू · ५.३५

झालं, फांद्या तुझ्या तूच सांगितल्यास. पाच ठेव: पातळ्या, मूल्यं, धोके, संवर्धन, भारत. आनुवंशिक, प्रजाती आणि परिसंस्था या 'पातळ्या'च्या तीन काटक्या आहेत, मोठ्या फांद्या नाहीत. हॉटस्पॉट 'भारत'खाली. संकटग्रस्त प्रजाती 'धोके'च्या टोकाला. कायदे 'संवर्धन'खाली. व्याख्या मॅपवर येऊच देऊ नकोस, ती एका ओळीत कागदाच्या मागे लिही, कारण व्याख्या शब्दशः लागते आणि मॅप शब्दशः काही धरून ठेवत नाही.

माझा एक ठोकताळा आहे. एखाद्या फांदीला सातआठ काटक्या फुटल्या तर तिथे दोन फांद्या आहेत. एकच काटकी असेल तर ती फांदीच नाही, शेजारच्या फांदीत घाल. आणि ए-फोरवर साठ-सत्तर शब्दांच्या वर गेलीस की पुन्हा समासात आडवं लिहिशील.

फांद्या घड्याळाच्या काट्यांप्रमाणे लाव. एक वाजता पातळ्या, मग मूल्यं, धोके, संवर्धन, आणि अकरा वाजता भारत. दहा मार्कांचा प्रश्न आला की याच दिशेने फिरायचं, उत्तराचा क्रम हातात असतो. स्केचपेन, तुमचा एक शब्दाचा नियम तिन्ही पातळ्यांना चालेल, पण 'धोके'ला नाही. तिथे नुसतं 'प्रदूषण' लिहून मुलं पेपरात हवा-पाणी-ध्वनी प्रदूषणावर पान भरतात आणि जैवविविधता राहून जाते. मी असली उत्तरं तपासली आहेत. दोन शब्द लागले तर लिही.

रंगीत_स्केचपेन · ५.४४

पण सर, दोन शब्द झाले की तो माइंड मॅप राहत नाही, टिपण होतं. टोनी बुझानने एक शब्द सांगितलाय तो काहीतरी विचार करूनच ना.

फळा_आणि_खडू · ५.५२

असेल. त्यांना उद्या आपल्या विद्यापीठाचा पेपर द्यायचा नव्हता.

माळरानी · ६.१०

मी पक्षी मोजायला जाते, परीक्षेतलं फारसं कळत नाही. पण वाचून एक सुचलं. प्रत्येक फांदीला वेगळं उदाहरण शोधत बसण्यापेक्षा एकच उदाहरण सगळ्या फांद्यांतून ओढून ने. गिधाड घे.

मूल्यांच्या फांदीवर: गिधाडं मेलेलं ढोर काही तासांत साफ करतात, ती गेली तेव्हा गावाबाहेर ढोरं सडत पडली आणि भटकी कुत्री वाढली. धोक्यांच्या फांदीवर: डायक्लोफेनॅक. गुरांना दुखण्यासाठी दिलेलं औषध. ते गूर मेलं आणि गिधाडाने खाल्लं की त्याचं मूत्रपिंड निकामी होतं. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या साधारण पंधरा वर्षांत ९९ टक्क्यांहून अधिक घटली. संवर्धनाच्या फांदीवर स्वस्थानी म्हणजे गडचिरोलीतली गिधाडांची उपाहारगृहं, जिथे वनविभाग औषध नसलेली मेलेली जनावरं ठेवतो. परस्थानी म्हणजे हरियाणातलं पिंजोरचं प्रजनन केंद्र. आणि कायद्याच्या काटकीवर: जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी.

एका पक्ष्यात तीन फांद्या आणि कायद्याची काटकी झाली. ठिपक्यांच्या रेघेने त्या जोडून टाक.

अनुजा_कराड · ६.१६

ताई हे भारी आहे!! मी तर धोक्यांना वाघ, मूल्यांना तुळस, संवर्धनाला काहीतरी तिसरंच लिहीत होते.

निवांत_पाटील · ६.२५

हे मात्र आवडलं. एक शंका: 'शिकार' या धोक्याला गिधाड कसं लावणार? तिथे वाघ लागेलच.

माळरानी · ६.३१

लागेल. परकीय प्रजातींनाही वेगळं लागेल, तिथे घाणेरी किंवा गाजरगवत. गिधाड सगळीकडे ताणू नको.

रंगीत_स्केचपेन · ६.४०

'भारत'च्या फांदीसाठी सांगतो: भारतात हॉटस्पॉट दोन. पश्चिम घाट आणि पूर्व हिमालय. पाठच करून टाक.

अनुजा_कराड · ६.४४

आमच्या पुस्तकात चार आहेत. आणि मैत्रिणीच्या जुन्या नोट्समध्ये दोन. आता?

फळा_आणि_खडू · ७.०२

स्केचपेन चुकीचं सांगत नाहीत, जुनं सांगतायत. नॉर्मन मायर्सने १९८८ मध्ये ही कल्पना मांडली. २००० च्या यादीत जगभरात २५ हॉटस्पॉट होते, जुन्या नोट्स त्या काळच्या हिशेबाच्या. आता ३६ आहेत, आणि त्यांतल्या चारांचा काही ना काही भाग भारतात येतो: हिमालय, पश्चिम घाट (श्रीलंकेसह), इंडो-बर्मा आणि सुंदालँड. सुंदालँडमध्ये आपलं निकोबार येतं, हे लिहिलं की तपासणारा खूश होतो.

घोळ होतो तो पहिल्या ओळीत ३६ आणि खाली दोन नावं लिहिल्यावर. ३६ लिहिलंस तर चार लिही. काटकीवर '३६ / ४' एवढंच पुरे. निकषही तिथेच: '१५०० + ७०%'. किमान १५०० वनस्पती दुसरीकडे कुठे न सापडणाऱ्या, आणि मूळ वनस्पतींचं आच्छादन ७० टक्के किंवा त्याहून अधिक गेलेलं. बहुतेक मुलं पहिला निकष लिहितात आणि दुसरा विसरतात. मग टीप वाचताना वाटतं की हॉटस्पॉट म्हणजे नुसती समृद्ध जागा. समृद्ध आणि संकटात, दोन्ही हवं.

अनुजा_कराड · ८.५०

जेवण झालं. पुस्तक मिटून बारा मिनिटांचा गजर लावला आणि पेन्सिलीने कागद आडवा धरून काढला. ४१ शब्द आले. मग पुस्तक उघडून जे राहिलं ते लाल पेनने भरलं. लाल शब्द १९.

सगळ्यात वाईट अवस्था मूल्यांची. उपभोग मूल्य आणि उत्पादक मूल्य यांतला फरक दोन्ही वेळा उलटा लिहिला. आणि संवर्धनात 'जीवावरण राखीव क्षेत्र' लिहून पुढे ताडोबा लिहिलं होतं, पुस्तकात ते नावच नाही. चुकलंय का?

फळा_आणि_खडू · ९.०५

चुकलंय, आणि आत्ता चुकलं हे बरं झालं. ताडोबा राष्ट्रीय उद्यान आहे, १९५५ पासून, आणि व्याघ्र प्रकल्पही आहे. देशात अधिसूचित जीवावरण राखीव क्षेत्रं १८ आहेत, त्यांत महाराष्ट्रातलं एकही नाही. उदाहरण नीलगिरीचं दे, पहिलं, १९८६. त्या काटकीच्या टोकाला शब्द लिहूच नकोस, एकात एक तीन वर्तुळं काढ: गाभा, बफर, संक्रमण. पेपरातही तीच आकृती काढायची.

मूल्यांसाठी एक चित्र डोळ्यांसमोर ठेव. पाड्यावरची बाई मोहाची फुलं गोळा करते. घरी खाल्ली, उपभोग मूल्य. तीच फुलं बाजारात नेऊन विकली, उत्पादक मूल्य. मधे बाजार आला की नाही, एवढंच बघायचं.

आता रात्री फक्त ते १९ लाल शब्द. काळ्याला हात लावू नकोस, ते तुला येतं.

सह्याद्री_काठ · ९.३०

मी अकोले तालुक्यातला. परस्थानीच्या काटकीवर सगळे 'बीजबँक' लिहितात म्हणून विचारतो. आमच्याकडे राहीबाई पोपेरेंची गावठी बियाण्यांची बँक आहे. पण त्या बिया डब्यात बंद नसतात, दरवर्षी शेतात पेरल्या जातात, शेजारणींना दिल्या जातात. हे परस्थानी कसं? वाल आणि भात त्यांच्याच मातीत आहेत की.

फळा_आणि_खडू · ९.५२

चांगला प्रश्न आहे. पुस्तकात बीजबँक परस्थानी आहे आणि दिल्लीच्या राष्ट्रीय जनुकपेढीसारख्या थंड खोल्यांना ते लागूही पडतं. पण १९९२ च्या जैवविविधता करारात लागवडीखालच्या जातींसाठी स्वस्थानीचा अर्थ असाच दिला आहे, की ज्या परिसरात त्यांनी आपले गुण कमावले तिथेच त्यांचं जतन. त्या अर्थाने तुम्ही म्हणताय ते स्वस्थानीच्या जवळ जातं. मी वर्गात दोन्ही फांद्यांच्या मधोमध लिहायचो. परीक्षक काय धरेल याची खात्री मी देणार नाही.

निवांत_पाटील · १०.०१

मग पेपरात काय लिहायचं पोरीने? मधोमध उत्तराला मार्क कुठे मिळतात. अनुजा, बीजबँक परस्थानी लिही आणि पुढे हो.

सह्याद्री_काठ · १०.०८

पाटील, मग देवराई स्वस्थानी आणि आमचं शेत परस्थानी? असं शिकवायचं का पोरांना?

क्ष_किरण · १०.२०

उद्याच्या पेपरपुरतं पुस्तकातलं वर्गीकरण लिहून, शेवटच्या ओळीत शेतकऱ्यांच्या शेतातलं जतन वेगळं सांगता येईल. पण मला काठांचं म्हणणं पटतं, पुस्तकातला तक्ता इथे तोकडा पडतो.

अनुजा, उद्या सकाळी हा मॅप वाचू नकोस. कोरा कागद घे, आठ मिनिटांत पुन्हा काढ, मग रात्रीच्या कागदाशेजारी ठेव. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटणं म्हणजे येणं नव्हे.

अनुजा_कराड · सकाळी ७.१५

काढला, नऊ मिनिटं लागली. राहिले चार शब्द: सुंदालँड, संक्रमण, पर्यायी मूल्य, आणि हो, १५०० आलं पण ७०% पुन्हा गेलं. चौघांना हातावर लिहावंसं वाटतंय पण लिहीत नाही.

आईची_शाळा · ७.४०

शुभेच्छा गं! आमचा तक्ता झाला, तेलखडूने छान झालाय, फक्त टेबलक्लॉथ गेला.

अनुजा_कराड · दुपारी २.३५

आले. जैवविविधतेवर दोन प्रश्न होते. 'धोके व उपाय' दहा मार्कांना आणि हॉटस्पॉटवर टीप पाचांना. टीप मस्त गेली, दोन्ही निकष, ३६, चारही नावं निकोबारसकट.

मोठ्या प्रश्नात मात्र अडकले. मॅपवरच्या काटक्या भराभर आठवल्या, पण 'अधिवासाचा ऱ्हास' नंतर वाक्य काय लिहायचं तेच सुचेना. यादी झाली, उत्तर होईना. मग गिधाडापासून सुरुवात केली: औषध, मृत जनावर, मूत्रपिंड, संख्येत घट, बंदी, पिंजोर. तिथे कारण आणि परिणाम आपोआप येत गेले आणि दीड पान झालं. बाकीचे धोके त्याच्यामागे लावले. अधिवासाचा ऱ्हास खरं तर पहिला यायला हवा होता, तो माझ्याकडे तिसरा आला.

फळा_आणि_खडू · २.५०

चालतं, क्रमाला मार्क नसतात. अडकलीस ते मात्र खरंच मॅपचं आहे. काटकीवर नाम असतं आणि उत्तराला क्रियापद लागतं. गिधाडाच्या रेघेवर तुझ्याकडे 'खातं', 'निकामी होतं', 'घटतात' अशी क्रियापदं होती, म्हणून तिथून गाडी निघाली. पुढच्या वेळी प्रत्येक मोठ्या फांदीवर निदान एका रेघेवर क्रियापद लिही.

रंगीत_स्केचपेन · ३.०४

म्हणजे तीन शब्द झाले एका फांदीवर.

अनुजा_कराड · ३.०९

स्केचपेन दादा, रंग तुमचेच वापरले हं, लाल आणि काळा. सोमवारी सांख्यिकी आहे, त्याला मॅप होतो का कुणी केलाय?

निवांत_पाटील · ३.२०

नाही. गणितं सोडव.